जॅम बायोटेक: लॅब टेक्निक्सचा अभ्यास 'ही पद्धत नक्की काय दाखवते' या क्रमाने करतेय, प्लॅन तपासून द्या

मुक्ता_सिडको

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, नाशिकलाच. फेब्रुवारीत जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यायचाय. बाकी विषय बरे चाललेत, पण टेक्निक्सपाशी गाडी अडते. पुस्तकात धडे उपकरणांप्रमाणे लावलेत: आधी मायक्रोस्कोप, मग सेंट्रिफ्यूज, मग क्रोमॅटोग्राफी, मग जेल. एकेक पद्धत विचारली तर घडाघडा सांगते. पण प्रश्नात तीन पद्धतींचे निकाल शेजारी शेजारी दिले आणि 'यावरून काय सिद्ध होतं' असं विचारलं की बसले.

म्हणून उपकरण बाजूला ठेवून, पद्धत काय ओळखते त्यावरून चार गठ्ठे केलेत. पहिला: रेणू केवढा आणि किती तुकड्यांचा. दुसरा: किती प्रमाणात आहे. तिसरा: कोण कोणाला चिकटतं. चौथा: पेशीत कुठे आहे. प्रत्येकाला दोन आठवडे, शेवटी उजळणी. रोज संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात दोन तास बसते, तेवढाच वेळ यासाठी आहे.

ज्या प्रश्नावरून हे डोक्यात आलं तो असा. एक प्रोटीन जेल फिल्ट्रेशनमध्ये १२० किलोडाल्टनच्या जागी बाहेर येतं. एसडीएस-पेजवर मर्कॅप्टोइथेनॉल न घालता चालवलं तर ६० ला एकच बँड. मर्कॅप्टोइथेनॉल घालून चालवलं तर ४० आणि २० असे दोन बँड, त्यातला ४० चा चांगलाच जाड. प्रोटीनची रचना काय? हे तुम्ही कसं सोडवाल?

पेठरोड

मी गेल्या वर्षी क्लास लावला होता, तिथल्या नोट्स उपकरणांप्रमाणेच होत्या आणि माझं काही अडलं नाही. गठ्ठे बदलून काय होणार? प्रश्नाचं म्हणशील तर ४० आणि २० आहेत, बेरीज १२० व्हायला हवी. ४० चा बँड जाड म्हणजे ४० वाले जास्त. ४०, ४०, २०, २०. झालं की. जेल साइजवर वेगळं करतं एवढं लक्षात ठेव.

मुक्ता_सिडको

पण दादा, ४० जास्त म्हणता आणि दोन्ही दोन-दोनच घेता, ते कसं?

पेठरोड

बेरीज जुळते ना! १२० करायला दुसरं काय घेशील? तीन चाळीस घेतले तर वीस राहतच नाही.

कॉलेजरोडवाली_आई

माझा मुलगा बारावीला आहे. त्याच्याही प्रॅक्टिकलला हे जेल वगैरे येतं का? आणि जर्नल सगळं आधीच पूर्ण करून घ्यावं लागतं का? कृपया सांगा.

अवसादन

आई, हा पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा धागा आहे. बारावीच्या जर्नलचं त्याच्या सरांनाच विचारा.

मुक्ता, गठ्ठे चांगले आहेत, पण 'काय ओळखते' एवढ्यावर थांबू नकोस. प्रत्येक पद्धतीपुढे अजून एक ओळ लिही: या पद्धतीत सॅम्पलमधलं काय टिकतं आणि काय मोडतं. तुझा प्रश्न सगळा त्यावरच उभा आहे.

जेल फिल्ट्रेशनच्या कॉलममध्ये साधं बफर असतं, म्हणून प्रोटीन जसं आहे तसंच राहतं. एकमेकांना नुसते चिकटून बसलेले तुकडेही सोबतच बाहेर येतात. म्हणजे १२० हा आख्ख्या जुळणीचा आकडा. एसडीएस घालून उकळलं की ती चिकटलेली जोडणी सुटते, साखळी उलगडते, पण डायसल्फाइडचा बंध शाबूत राहतो. तिथे ६० मिळालं, आणि एकच बँड. म्हणजे १२० मध्ये ६० चे दोन सारखे भाग होते आणि ते एकमेकांना डायसल्फाइडने बांधलेले नव्हते. मर्कॅप्टोइथेनॉल घातलं की डायसल्फाइडही सुटतो. आता ६० चे ४० आणि २० झाले. म्हणजे प्रत्येक ६० मध्ये एक चाळीस आणि एक वीस, मध्ये डायसल्फाइड. अशा दोन जोड्या एकमेकींना साध्या बळांनी धरून.

पेठरोड, उत्तर तुमचंही दोन-दोनच आलं, पण बेरजेवरून. पर्यायांत 'दोन चाळीस एकमेकांना डायसल्फाइडने जोडलेले' असंही एक वाक्य असतं. बेरजेने ते खोडता येत नाही. ते खोडतो तो मधला निकाल, कारण तसं असतं तर मर्कॅप्टोइथेनॉलशिवायच्या लेनमध्ये ६० ला बँड दिसलाच नसता, तो निदान ८० च्या वर गेला असता. जॅमच्या ज्या भागात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असतात, तिथे सगळे बरोबर निवडले तरच गुण आहेत, अर्धे गुण नाहीत. असलं वाक्य तिथेच नडतं.

पेठरोड

ठीक, ते मान्य. पण मग बँड जाड का? एकास एक असतील तर दोन्ही सारखे दिसायला हवेत.

अवसादन

नाही, उलट आहे. कूमासी निळा रंग प्रोटीनच्या वजनाच्या प्रमाणात बसतो, रेणू मोजून नाही. एकेकच रेणू असला तरी चाळीसचा रेणू विसापेक्षा दुप्पट वजनाचा, म्हणून त्यावर रंगही साधारण दुप्पट. दोन्ही बँड सारखेच गडद दिसले असते तर मात्र विसाचे रेणू दुप्पट आहेत असं म्हणावं लागलं असतं, आणि मग मर्कॅप्टोइथेनॉलशिवायचा बँड ८० ला यायला हवा होता. म्हणजे बँडची जाडी आणि ६० चा आकडा दोन्ही एकच गोष्ट सांगतात. प्रश्न काढणाऱ्याने जाडी उगाच दिलेली नाही.

'साधारण' म्हटलं कारण हा रंग मुख्यतः आर्जिनिनसारख्या अमिनो आम्लांना धरतो. ज्या प्रोटीनमध्ये ती कमी, ते फिकं दिसतं. सिल्व्हर स्टेनच्या जाडीवरून तर हा हिशेब करूच नये.

मुक्ता_सिडको

ताई, आत्ता डोक्यात शिरलं. मी जाडीवरून तीन चाळीस धरत होते आणि बेरीज जुळेना. अजून एक विचारते. जेल फिल्ट्रेशनच्या १२० वर कितपत विसंबायचं?

अवसादन

परीक्षेत पूर्ण. प्रयोगात जपून. कॉलमला वजन कळत नाही, रेणू केवढी जागा व्यापतो ते कळतं. मोठा रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरत नाही, म्हणून आधी बाहेर पडतो. (जेलमध्ये लहान रेणू पुढे पळतो, इथे मोठा. रात्री उशिरा अभ्यास करताना याची हमखास अदलाबदल होते.) प्रोटीन लांबुळकं काडीसारखं असेल तर ते गोल प्रोटीनपेक्षा जास्त जागा व्यापतं आणि लवकर बाहेर येतं. मग ६० चं एकटं प्रोटीनही १२० च्या आसपास दिसू शकतं. म्हणून प्रश्नात 'गोलाकार प्रोटीन' असे शब्द आहेत का ते पाहा. खात्री करायची तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज किंवा प्रकाशाच्या विखुरण्यावरून वजन काढणारी पद्धत लागते, त्या दोन्हींना आकाराचा असा धोका नाही.

आणि कधी प्रत्यक्ष जेल चालवलीस तर हे बघ: मर्कॅप्टोइथेनॉल घातलेली आणि न घातलेली लेन कधी शेजारी ठेवायची नाही, मध्ये निदान एक लेन रिकामी सोडायची. ते जेलमधून बाजूला पसरतं. मग न घातलेल्या लेनच्या त्या कडेचा डायसल्फाइड अर्धवट सुटतो आणि बँड एका बाजूला वाकडा किंवा दुहेरी दिसतो. तसा तिरपा बँड दिसला की शेजारच्या लेनकडे बोट दाखवायचं.

सिन्नरफाटा

मी डीएमएलटी, पॅथॉलॉजी लॅबला आहे. जॅमबिमचं काही कळत नाही, पण 'काय ओळखते' यावर आमच्याकडे पावसाळ्यात रोज वाद होतो. डेंग्यूचा पेशंट तापाच्या दुसऱ्या दिवशी येतो, डॉक्टरांनी आयजीएम लिहिलेलं असतं, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि नातेवाईक आमच्यावर चढतात. अहो, आयजीएम म्हणजे शरीराने बनवलेली अँटिबॉडी, ती दिसायला साधारण पाच दिवस जातात. पहिल्या दिवसांत एनएस-वन बघायचं असतं, ते विषाणूचं स्वतःचं प्रोटीन. दोन्ही एलायझाच, प्लेट तीच, रीडर तोच, शेवटी पिवळा रंगही तोच. पण एक विषाणू दाखवते आणि दुसरी शरीराने त्याला दिलेलं उत्तर.

अवसादन

दादा, हे तर परीक्षेतच विचारावं असं आहे. मुक्ता, दादांच्या उदाहरणावरून तिसरी ओळ घे: सिग्नल कुठून येतो. प्लेटवर डोळ्याला दिसतो तो रंग, रंग बनवतं एन्झाइम, एन्झाइम बसलंय शेवटच्या अँटिबॉडीवर, आणि ती अँटिबॉडी कशाला धरून बसलीय तेच खरं उत्तर. आयजीएमच्या किटमध्ये बहुतेक वेळा तळाला माणसाच्या आयजीएमला पकडणारी अँटिबॉडी असते. ती पेशंटचं कुठलंही आयजीएम पकडते, मग ते डेंग्यूचं असो वा नसो. त्यावर डेंग्यूचं अँटिजेन टाकलं की ते फक्त डेंग्यूच्या आयजीएमवर बसतं आणि त्यानंतर एन्झाइमवाली येते. यातली एक पायरी गाळली तर काय होईल, असा प्रश्न आला तर रंगापासून उलटं मागे चालत जायचं.

सिन्नरफाटा

आणि धुणं! वॉश नीट झाला नाही तर सगळ्याच खाचा पिवळ्या होतात. निगेटिव्ह कंट्रोलची खाच पिवळी दिसली की आख्खी प्लेट फेकायची, एकही रिपोर्ट द्यायचा नाही. नवीन पोरं कंट्रोल न बघता थेट पेशंटचे आकडे वाचायला घेतात.

पेठरोड

प्रमाणाच्या गठ्ठ्यात रिअल-टाइम पीसीआर घे, ते सोपं आहे. सीटी तीनने वाढला तर आरएनए आठपट कमी. दोनाचा घात काढायचा, एवढंच.

मुक्ता_सिडको

मी सराव पेपरमधला एक तसाच सोडवला, पण उत्तर जुळलं नाही. औषध न दिलेल्या पेशींत आपल्या जीनचा सीटी २४, संदर्भ जीनचा १८. औषध दिल्यावर आपला २७, संदर्भ १९. मी आठपट घट लिहिलं, उत्तर चारपट दिलंय.

अवसादन

बरोबर आहे त्यांचं. औषध दिलेल्या नळीत संदर्भ जीनही एकने मागे पडलाय, म्हणजे त्या नळीत मुळात आरएनएच निम्मं घेतलं गेलंय. ते आधी वजा करायचं. आधीचा फरक ६, नंतरचा ८, दोन्हींतला फरक २. दोनाचा वर्ग चार, म्हणजे आरएनए पाव उरलं. पेठरोडांचा हिशेब दोन्ही नळ्यांत संदर्भ जीनचा सीटी सारखा असेल तेव्हाच चालतो.

यातही एक गृहीतक दडलंय: संदर्भ जीन औषधाने बदलत नाही. ते नेहमी खरं नसतं. ऑक्सिजन कमी केलेल्या पेशींत जीएपीडीएच स्वतःच वाढतं, मग त्याच्याशी तुलना केलेला प्रत्येक जीन खोटाच घसरलेला दिसतो. आणि आरएनए पाव झालं म्हणून प्रोटीन पाव झालं असं म्हणता येत नाही. त्याला वेस्टर्न लागतो. आरएनए तेवढंच आणि प्रोटीन कमी असेल तर भाषांतर मंदावलंय किंवा प्रोटीन लवकर मोडलं जातंय, यातलं कोणतं ते वेस्टर्न एकटा सांगत नाही.

निफाडकर

द्राक्षांच्या निर्यातीआधी औषधांचे अंश तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. मास स्पेक्ट्रोमेट्रीबद्दल एकच सांगतो, मुलं तिला सर्वज्ञ समजतात. तिला वस्तुमान आणि विद्युतभाराचं गुणोत्तर दिसतं, बस्स. ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वस्तुमान तंतोतंत एक, त्यामुळे नुसत्या वस्तुमानावरून ते वेगळे करता येत नाहीत. आणि पीक मोठा म्हणजे पदार्थ जास्त असंही नाही. द्राक्षाच्या रसातल्या इतर गोष्टी सिग्नल दाबतात. तेवढंच औषध साध्या सॉल्व्हंटमध्ये घातलं तर पीक मोठा येतो, रसात घातलं तर लहान. म्हणून औषध नसलेल्या द्राक्षाच्या रसातच ठरावीक प्रमाणं घालून आम्ही मोजपट्टी बनवतो.

मुक्ता_सिडको

सगळ्यांचे आभार, वहीत नवीन रकाने आखलेत. आता तिसरा गठ्ठा, चिकटण्याचा. यात मला एक विसंगती वाटते. एका प्रश्नात प्रोटीन डीएनएला चिकटतं का हे जेल शिफ्टने पाहिलं, बँड वर सरकला. पण पेशींवर चिप केली तर त्या जागी काहीच मिळालं नाही. मग चिकटतं की नाही?

अवसादन

दोन्ही खरं असू शकतं. जेल शिफ्टमध्ये तू नळीत उघडा, छोटा डीएनए दिलास आणि प्रोटीनही भरपूर दिलंस. ते चिकटू शकतं का, एवढंच त्यातून कळतं. चिपमध्ये जिवंत पेशीला साधारण एक टक्का फॉर्मल्डिहाइड दहाएक मिनिटं देऊन जे जिथे आहे ते तिथेच गोठवतात, मग डीएनएचे काहीशे बेसजोड्यांचे तुकडे करून अँटिबॉडीने प्रोटीन ओढतात. पेशीत त्या जागी डीएनए न्यूक्लिओसोमभोवती घट्ट गुंडाळलेला असेल, किंवा प्रोटीन त्या वेळी केंद्रकात नसेलच, तर चिपमध्ये काही दिसणार नाही. शिवाय फॉर्मल्डिहाइडने अँटिबॉडीची बसायची जागाच झाकली गेली तर प्रोटीन तिथे असूनही हाती लागत नाही. म्हणून चिप रिकामी आली की आधी पाहायचं: हे प्रोटीन जिथे बसतं हे माहीत आहे, अशा दुसऱ्या जागेवर तरी सिग्नल आला का? तिथेही नसेल तर अँटिबॉडीवर संशय घ्यायचा, निष्कर्ष काढायचा नाही.

उलटंही होतं. चिपमध्ये मिळालं, जेल शिफ्टमध्ये नाही. फॉर्मल्डिहाइड प्रोटीनला प्रोटीनही बांधतं. तेव्हा आपलं प्रोटीन डीएनएला न शिवता दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेलं असू शकतं.

जेल शिफ्टचा प्रश्न आला की लेन मोजायला लाग. पहिलीत नुसता लेबल लावलेला डीएनए, दुसरीत प्रोटीन घातलेला, बँड वर. तिसरीत तोच डीएनए बिनलेबलचा, भरपूर जास्त: वरचा बँड गेला. चौथीत बदललेल्या क्रमाचा बिनलेबल डीएनए, तेवढाच जास्त: बँड जागेवर. चौथी लेन नसेल तर तिसरीवरून प्रोटीन ठरावीक क्रमच ओळखतं असं म्हणता येत नाही, ते कुठल्याही डीएनएला चिकटणारं असलं तरी तिसरी लेन तशीच दिसेल. पाचवीत अँटिबॉडी. बँड अजून वर गेला तर ते प्रोटीन त्यात आहेच. नाहीसा झाला तर मुलं 'प्रयोग फसला' लिहितात, पण अँटिबॉडीने डीएनएला धरायची जागाच अडवली असाही त्याचा अर्थ होतो.

पेठरोड

फूटप्रिंटिंग सोडून दे. जुनी पद्धत, आता कोण करतं?

अवसादन

लॅबमध्ये कमी करतात, प्रश्नपत्रिकेत सोडलेली नाही. जेल शिफ्ट सांगते चिकटलं, फूटप्रिंट सांगतं कोणत्या बेसांवर. डीएनेज त्या जागी कापू शकत नाही म्हणून शिडीसारख्या बँडांत रिकामी खिडकी दिसते. अर्धा दिवस द्यावा.

पेठरोड

अर्धा दिवस मी एन्झाइमच्या गणितांना देईन. जिथे आकडा टाइप करायचा तो भाग वजा गुणांचा नाही, तिथे कमाई जास्त आहे.

मुक्ता_सिडको

दोघांचंही पटतंय, बघते. ताई, चौथ्या गठ्ठ्याला दोन आठवडे जास्त होतात का?

अवसादन

खूपच जास्त. चार दिवस पुरे. जीएफपी जोडलेलं प्रोटीन जिवंत पेशीत दिसतं, पण जोडलेल्या शेपटीमुळे जागा चुकू शकते. अँटिबॉडीने रंगवलेलं मूळ प्रोटीन दिसतं, पण मारून स्थिर केलेल्या पेशीत. वाचलेले दहा दिवस पहिल्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यात वाटून टाक. आणि वहीत शेवटचा रकाना ठेव: निकाल नकारात्मक आला तर त्याचा अर्थ काय. तो भरता आला नाही तर ती पद्धत अजून झाली नाही असं समज.

सरावाला एक देते. तुझ्या त्याच प्रोटीनच्या वीसवाल्या तुकड्यावर बसणारी अँटिबॉडी आहे. दोन्ही जेलचे वेस्टर्न केले. बँड कुठे कुठे येतील?

मुक्ता_सिडको

मर्कॅप्टोइथेनॉल घातलेल्यात २० ला एकच. न घातलेल्यात ६० ला. चाळीसवाला घातलेल्या लेनमध्ये दिसणारच नाही, कारण अँटिबॉडी त्याची नाही.

पेठरोड

न घातलेल्यात कदाचित काहीच दिसणार नाही. अँटिबॉडीची जागा डायसल्फाइडच्या आत दडलेली असली तर?

अवसादन

आता कसं बोललात! काही अँटिबॉडी खरंच फक्त मर्कॅप्टोइथेनॉल घातलेल्या सॅम्पलवर चालतात आणि काही फक्त न घातलेल्यावर. परीक्षेत मुक्ताचं उत्तर लिहायचं. लॅबमध्ये आधी त्या अँटिबॉडीच्या बाटलीसोबत आलेला कागद वाचायचा.

कॉलेजरोडवाली_आई

सरांनी सांगितलं जेल नाही, पण कांद्याच्या पातीचं स्लाइड आहे. धन्यवाद.